बावीस ते एकतीस

आमचे घर निपाणीत, महामार्गाच्या सेवारस्त्याला लागून आहे. गेल्या दिवाळीत धाकटी नात आठ दिवस मुक्कामाला होती. फटाक्यांची तिला भीती वाटते, म्हणून संध्याकाळी मी तिला व्हरांड्यात घेऊन बसत असे आणि आम्ही दोघे मिळून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत उतरवत असू. तिने वहीला दोन रकाने पाडले होते. एकात नंबर आणि दुसऱ्यात 'कुठली?'. पहिल्याच दिवशी आमच्या दारातल्या गाडीचा नंबर लिहून तिने विचारले, "आज्जा, केए तेवीस म्हणजे चिक्कोडी. मग आपण निपाणीचे असून तेवीस कसे?"

प्रश्न बरोबर होता, आणि त्याचे उत्तर देता देता मला जाणवले की आम्हा सीमाभागातल्या माणसांना ही पाटी वाचायची सवय फार आहे, पण ती काय सांगते आणि काय सांगत नाही याचा विचार आपण क्वचितच करतो. 'केए पासिंग', 'एमएच पासिंग' हे शब्द आपल्याकडे पोरासोरांच्या तोंडी असतात. समोरच्या गाडीची दोन अक्षरे वाचून माणूस कुठला, हे आपण मनात ठरवूनही टाकतो.

नातीला मी आधी एवढेच सांगितले की तेवीस हा गावाचा नंबर नाही आणि जिल्ह्याचाही नाही. तो कचेरीचा आहे. ज्या आरटीओ कचेरीत गाडीची नोंद झाली त्या कचेरीला राज्य सरकारने दिलेला तो आकडा. निपाणीची माणसे गाडीची नोंद करायला चिक्कोडीला जातात, म्हणून आम्ही तेवीस. एकट्या बेळगाव जिल्ह्यात असे कितीतरी आकडे आहेत : बेळगाव २२, चिक्कोडी २३, बैलहोंगल २४, गोकाक ४९, आणि नंतर रामदुर्ग ६९ व अथणी ७१. चिक्कोडी जिल्हा व्हावा ही मागणी जुनी आहे आणि ती अजून पुरी झालेली नाही, पण पाटीवर मात्र चिक्कोडीला स्वतःचा आकडा केव्हाच मिळाला. तेव्हा 'जिल्ह्याचा नंबर' असे जे आपण सहज म्हणतो ते ढोबळमानाने खरे असले तरी काटेकोरपणे खरे नाही.

पाटीचे हे रूप फार जुने नाही. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा, आणि तो लागू झाला १ जुलै १९८९ रोजी. त्याच्या आधी जून महिन्यात केंद्र सरकारने अधिसूचना काढून प्रत्येक राज्याला दोन इंग्रजी अक्षरे नेमून दिली. कर्नाटकाला केए, महाराष्ट्राला एमएच, गोव्याला जीए, गुजरातला जीजे, मध्य प्रदेशाला एमपी. अक्षरे दिल्लीने दिली, पण पुढचे आकडे कोणत्या कचेरीला कोणते द्यायचे हे ज्या त्या राज्याने ठरवले. आकड्यांच्या नंतर येणारे एखादे किंवा दोन अक्षर म्हणजे त्या कचेरीतली मालिका, आणि शेवटचे चार आकडे म्हणजे मालिकेतला अनुक्रम. ९९९९ भरले की नवे अक्षर सुरू होते. (मी इथे २२, २३ असे आपल्या आकड्यांत लिहितो आहे. पाटीवर तसे चालत नाही. अक्षरे इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय, असा केंद्राचा नियम आहे. म्हणजे तिथे कन्नडही नाही आणि देवनागरीही नाही. या एका बाबतीत दोन्ही भाषा सारख्याच वंचित आहेत.)

आता या लेखाचा खरा विषय. दुसऱ्या दिवशी नातीने मागितले म्हणून मी कर्नाटकाच्या कचेऱ्यांची यादी तिच्या वहीच्या मागच्या पानावर क्रमाने लिहून दिली, आणि लिहिता लिहिता माझाच हात थांबला. बावीस बेळगाव, तेवीस चिक्कोडी, चोवीस बैलहोंगल. पंचवीस धारवाड, सव्वीस गदग, सत्तावीस हावेरी. अठ्ठावीस विजापूर, एकोणतीस बागलकोट. तीस कारवार, एकतीस शिरसी. इथे एक तुकडा संपतो. बत्तीसला गुलबर्गा येते.

गदग आणि हावेरी पूर्वी धारवाड जिल्ह्यात होते, बागलकोट विजापुरात होते. हे तिन्ही जिल्हे १९९७ मध्ये वेगळे झाले. कारवार आणि शिरसी म्हणजे जुना कारवार जिल्हा, इंग्रजी कागदांतला 'कॅनरा'. म्हणजे बावीस ते एकतीस हे दहा आकडे मिळून चार जुने जिल्हे होतात : बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात जुन्या मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातलेले नेमके हेच चार जिल्हे आहेत. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. ज्याला आपण मुंबई-कर्नाटक म्हणत आलो तो सगळा मुलूख पाटीच्या आकड्यांत सलग बसला आहे.

पुढचा तुकडाही तसाच. बत्तीस गुलबर्गा, तेहेतीस यादगीर, चौतीस बळ्ळारी, पस्तीस होस्पेट, छत्तीस रायचूर, सदतीस कोप्पळ, अडतीस बिदर, एकोणचाळीस भालकी. यातली बळ्ळारीची जोडी सोडली (तो जिल्हा मद्रासकडून १९५३ मध्येच म्हैसूरला आला होता), तर बाकी सगळा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला भाग आहे. मंगळूर, उडुपी आणि पुत्तूर, म्हणजे मद्रास इलाख्यातला दक्षिण कानडा, एकोणीस ते एकवीस असा आमच्या लगेच आधी येतो.

हे कुणी मुद्दाम केले असेल असे मला वाटत नाही. आकडे पाहिले तर ते महसुली विभागांच्या क्रमाने गेलेले दिसतात : आधी बंगळूर विभाग, मग म्हैसूर, मग बेळगाव, मग गुलबर्गा. आणि हे शेवटचे दोन विभाग जवळजवळ जुन्या सरहद्दींनुसारच पडले होते. १९८९ मध्ये कचेरीत बसून एखाद्या कारकुनाने विभागवार यादीला ओळीने आकडे घातले, आणि तेहेतीस वर्षांपूर्वी पुसलेली सरहद्द त्याच्या नकळत पुन्हा उमटली. एवढाच त्याचा अर्थ असावा.

या क्रमाचा व्यवहारात एक उपयोग आहे. कर्नाटकाचा आकडा एकोणचाळीस किंवा त्याच्या आतला असेल तर यादी पाठ नसतानाही गाडी कोणत्या भागातली हे सांगता येते, कारण शेजारचे आकडे शेजारच्या मुलखाचे आहेत. चाळिसाच्या पुढे मात्र ही युक्ती संपते. नंतर जसजशा नव्या कचेऱ्या निघाल्या तसतसे पुढचे आकडे दिले गेले. म्हणून ४० चिक्कबळ्ळापूर बंगळूरच्या बाजूला, ४८ जमखंडी आपल्या बाजूला, ४९ गोकाक घराशेजारी, ५६ बसवकल्याण बिदरकडे, ६३ हुबळी. हे पाठच करावे लागतात. केए ४९ ची गाडी पाहून 'कुठली तरी लांबची दिसते' असे म्हणणारे लोक मी निपाणीतच पाहिले आहेत.

महाराष्ट्राची यादी याच पद्धतीने वाचून पाहावी. एक ते आठ मुंबई आणि कोकण. नऊ कोल्हापूर, दहा सांगली, अकरा सातारा, बारा पुणे, तेरा सोलापूर, चौदा पिंपरी-चिंचवड. पंधरा ते एकोणीस नाशिककडचा भाग. वीस ते सव्वीस हा सगळा मराठवाडा, म्हणजे पुन्हा निजामाचा मुलूख. सत्तावीस ते तीस वऱ्हाड, एकतीस ते छत्तीस नागपूरकडचा भाग. त्यानंतर वाशीम ३७, हिंगोली ३८, नंदुरबार ३९ असे नवे जिल्हे आले आणि तिथूनच क्रम विस्कटला. म्हणजे दोन्ही राज्यांत चाळिसाच्या आतबाहेर तीच रेघ पडते. ती रेघ मनात ठेवली की बरेच काम भागते.

हे सगळे नातीला सांगून झाल्यावर मी कपाटातून दोन फोटो काढले, कारण १९८९ च्या आधीची पाटी कशी असे हे तिला पाहायचे होते. आमच्या वडिलांची मालमोटार होती. तंबाखूची पोती कोल्हापूर, सांगलीकडे जात. दोन्ही फोटोंत वडील मोटारीच्या बॉनेटला हात लावून उभे आहेत. पहिल्या फोटोत पाटीवरचे पहिले अक्षर बी आहे, पुढची दोन मडगार्डाच्या सावलीत गेली आहेत. दुसऱ्या फोटोत मोटार निराळी आहे आणि पाटीवर एमवायने सुरू होणारी तीन अक्षरे स्वच्छ दिसतात. तेव्हा १९३९ चा कायदा होता, आणि पद्धत तीन अक्षरे व पुढे चारपर्यंत आकडे अशी होती. मुंबई इलाख्याची अक्षरे बीने सुरू होत. एमवाय म्हणजे म्हैसूर.

या दुसऱ्या फोटोवरून आमच्या घरात एक वाद झाला होता, तो सांगण्यासारखा आहे. वडिलांच्या शेजारी आत्या उभी आहे आणि तिच्या कडेवर तान्हे मूल आहे. ते मूल म्हणजे आमचे थोरले बंधू, अण्णा, असे घरात सगळे धरून चालत होते. अण्णांचा जन्म १९५४ चा. मी एकदा भिंग घेऊन फोटो पाहात होतो आणि पाटीवर एमवाय दिसले. मी म्हणालो, "अण्णा, हे तुम्ही नाही. १९५४ ला निपाणी मुंबई राज्यात होती. इथल्या गाडीला म्हैसूरची अक्षरे १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी मिळणे शक्य नाही." अण्णा मानायला तयार नव्हते. त्यांचा मुद्दाही खोटा नव्हता. ते म्हणाले, "एमवाय काय छप्पन सालात निघालं? म्हैसूर संस्थानच्या गाड्यांवर आधीपासून होतंच. तात्यांनी बंगळूरकडची जुनी मोटार विकत घेतली असेल तर?"

असे झाले असते तर माझे अनुमान कोसळलेच असते. पाटी एकटी बोलत असेल तर तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये. दुसरा साक्षीदार शोधावा. शेवटी वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत मोटारीचे नोंदणी पुस्तक सापडले. नोंद बेळगावची, साल १९५७. फोटोतला नंबर आणि पुस्तकातला नंबर जुळला. मग ते मूल म्हणजे त्याच साली जन्मलेली आमची आक्का, हे ठरले. अण्णा चार दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

पण याच न्यायाने पहिल्या फोटोचे साल मला सांगता आले नाही. तिथे बी आहे म्हणून तो १९५६ च्या आधीचा, असे म्हणण्याचा मोह होतो. ते चूक ठरेल. राज्य बदलले म्हणून त्या रात्रीत रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांच्या पाट्या बदलत नाहीत. जुनी नोंद पुढे चालू राहते. १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले तरी गाड्यांवर एमवाय पुढे कितीतरी वर्षे दिसत होते, आणि १९८९ नंतरही तीन अक्षरी जुन्या गाड्या रस्त्यावर होत्याच. म्हणजे पाटीवरून 'याच्या आधीचा नव्हे' एवढे सांगता येते, 'याच्या नंतरचा नव्हे' हे सांगता येत नाही. जुन्या फोटोंची सालवारी लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ चुका टळतील.

त्या काळी पहिले अक्षर वाचून फार कळतही नसे. १९६० मध्ये मुंबई राज्याचे दोन भाग झाल्यावर महाराष्ट्राला जी अक्षरे मिळाली तीही एमनेच सुरू होत. म्हणजे कागलची गाडी एम आणि निपाणीची गाडीही एम, मध्ये वीसेक किलोमीटरचे अंतर आणि एक सरहद्द. दुसरे अक्षर वाचल्याशिवाय राज्य कळत नसे, आणि तिसऱ्या अक्षराचे कोष्टक माहीत असल्याशिवाय ठिकाण कळत नसे. आता केए आणि एमएच लांबूनच वेगळे दिसतात. ते बरे झाले की वाईट झाले, हे मी पुढे सांगतो त्या प्रसंगावरून वाचकांनीच पाहावे.

त्याआधी दोन चुकांबद्दल थोडे, कारण त्या नातीच्या वहीत पहिल्याच दिवशी झाल्या.

पहिली चूक म्हणजे अक्षरे सोडून नुसता आकडा वाचणे. तिने एका गाडीपुढे फक्त '२२' लिहून 'बेळगाव' असे भरले होते. ती गाडी एमएच २२ होती, म्हणजे परभणीची. आकडे प्रत्येक राज्यात नव्याने सुरू होतात. नऊ हा आकडा घ्या. एमएच ०९ कोल्हापूर, केए ०९ म्हैसूर, एमपी ०९ इंदूर, टीजी ०९ हैदराबाद. आमच्या एका लग्नाला कोल्हापूरचे पाहुणे आणि इंदूरचे पाहुणे दोघेही 'नऊ नंबर'च्या गाड्यांनी आले होते, आणि मांडवाबाहेरचा पोरगा इंदुरी गाडीवाल्यांना कोल्हापूरकरांच्या पंगतीला पाठवत होता. पाटी मधून वाचायला लागू नये, डावीकडूनच सुरुवात करावी.

दुसरी चूक एसटीने करायला लावली. निपाणी ते कोल्हापूर ही आमच्या पायाखालची वाट. समोर उभी असलेली महाराष्ट्राची लाल गाडी कोल्हापूर आगाराची, चालक-वाहक कोल्हापूरचे, पण पाटीवर एमएच १४. नातीने 'पिंपरी-चिंचवड' लिहिले आणि ही गाडी तिकडून आली असे मला सांगितले. एसटी महामंडळाच्या गाड्यांचे सांगाडे त्यांच्या मध्यवर्ती कार्यशाळांत बांधले जात आले : पुण्याजवळ दापोडी, औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा. गाडी जिथे बांधून होते तिथल्याच आरटीओत तिची नोंद होते आणि मग ती राज्यातल्या कोणत्याही आगाराला जाते. म्हणून लाल गाडीवर १४, २० किंवा ४० असे आकडे वारंवार दिसतात, आणि ते गाडी कुठे बांधली ते सांगतात. ती कुठे राहते हे वाचायचे असेल तर तिच्या अंगावर रंगवलेले आगाराचे नाव पाहावे. कर्नाटकाच्या बसगाड्यांचे निराळे आहे. त्यांना एफ ही मालिका राखून ठेवलेली आहे आणि नोंद साधारणपणे ज्या त्या विभागाच्या ठिकाणी होते, त्यामुळे केए २३ एफ दिसले की चिक्कोडी विभागाची बस, हे अनुमान बहुतेक वेळा बरोबर ठरते. सरकारी गाड्यांना तिकडे जी ही मालिका आहे.

आता तो प्रसंग.

फोटोतली आक्का लग्न होऊन चंदगडला गेली. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. पुनर्रचना कायद्यात बेळगाव जिल्हा म्हैसूरला देताना 'चंदगड तालुका सोडून' असे शब्द घातले आहेत, आणि त्या तीन शब्दांमुळे चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात गेला. म्हणून आक्काच्या घरच्या गाडीवर एमएच ०९ आहे. ते तीन शब्द नसते तर तिथे केए २२ असते. याच्या उलट बाजू आमची आहे. महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी अशी शिफारस केली होती. तो अहवाल महाराष्ट्राने एकूणात नाकारला, त्याची अंमलबजावणी झाली नाही, आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अजून निकालात निघालेला नाही. शिफारस अंमलात आली असती तर आमच्या दारात बहुधा नऊ नंबर उभा असता. बहीण-भावांच्या पाट्या अशा एकेका ओळीने ठरल्या.

चंदगडहून कोल्हापूर शंभरावर किलोमीटर पडते आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहून कमी. बाजार, दवाखाना, कॉलेज, सगळे बेळगावला. २०२२ साली भाऊजींचे डायलिसिस बेळगावात चालू होते, मंगळवार आणि शुक्रवार. ६ डिसेंबर २०२२ हा मंगळवार होता. त्या दिवशी बेळगावच्या पुढे हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या पाटीच्या मालमोटारींवर दगडफेक झाली, आणि त्याच दिवसांत पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सरहद्दीवर थांबल्या. हिरेबागेवाडी चंदगडच्या वाटेवर नाही, पण वाटेत काय होईल हे कोण सांगणार? आक्काने सकाळी मला फोन केला. "दादा, गाडीवर एमएच आहे. न्यावी की नको?"

डायलिसिस चुकवता येत नाही. शेवटी असे ठरले की त्यांची गाडी शिनोळीपर्यंत, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शेवटच्या गावापर्यंत यायची आणि बेळगावातला आमचा एक भाचा केए २२ ची गाडी घेऊन तिथे थांबायचा. भाऊजींना रस्त्याच्या कडेला एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत बसवले. संध्याकाळी उलट. शुक्रवारीही तसेच. गाडीत बसलेली माणसे मराठी बोलणारी, चालवणारा मराठी बोलणारा, आणि वाटेत कुणी काच खाली करायला लावली असती तर त्यांच्या बोलण्यावरून सगळे कळलेच असते. पण दगड मारणारा काच खाली करायला सांगत नाही. तो लांबून दोन अक्षरे वाचतो. पुण्यात काळे फासले गेलेल्या बसमधूनही निपाणी-बेळगावची मराठी माणसे रोज पुण्याला जातात, हे फासणाऱ्याने वाचले नव्हते, कारण ते पाटीवर लिहिलेले नसते.

मालक कुठे राहतो हे पाटीवरून ठरत नाही याची साधी, शांत कारणेही आहेत. पूर्वी मालकाचा राहण्याचा किंवा धंद्याचा पत्ता ज्या कचेरीच्या हद्दीत, तिथेच नोंद करावी लागे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात 'राज्यातील कोणत्याही कचेरीत' असा बदल केला. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी मूळ कचेरीचा ना-हरकत दाखला, मग नव्या राज्याचा कर, मग नवी पाटी. आमच्या पुतण्याने पुण्याला नोकरी लागल्यावर हे सगळे निमूटपणे केले आणि त्याच्या केए २३ चे एमएच १२ झाले. पण सीमाभागात दोन्हीकडे घर असलेली माणसे बारा महिने कसे मोजायचे यावरच वाद घालतात. गाडी सोमवारी कागलला आणि मंगळवारी निपाणीला असेल तर ती ठेवली कुठे म्हणायची?

हैदराबादच्या मराठी वाचकांना मात्र आमचा एमवायचा अनुभव नुकताच आला आहे. त्यांच्याकडे २०१४ पर्यंत एपी होते. तेलंगण झाल्यावर टीएस आले, आणि मार्च २०२४ पासून नव्या गाड्यांना टीजी मिळते. एकाच गल्लीत तिन्ही अक्षरांच्या गाड्या उभ्या असतात, आणि पुढे कधी तिथल्या एखाद्या फोटोचे साल काढायचे झाले तर अण्णांसारखा वाद तिथेही होईल. उरलेल्या आंध्राने तर २०१९ पासून निराळीच वाट धरली. सगळ्या राज्यातल्या नव्या गाड्यांना एकच आकडा, ३९. त्यामुळे एपी ३९ ची गाडी विशाखापट्टणची की अनंतपूरची, हे पाटीवरून सांगण्याचा मार्गच बंद झाला. गोव्याने उलट केले. आधी उत्तर गोवा ०१ आणि दक्षिण गोवा ०२ एवढेच होते. मग म्हापसा ०३, डिचोली ०४, फोंडा ०५, वास्को ०६ अशी विभागणी झाली आणि खुद्द पणजीला ०७ व मडगावला ०८ हे नवे आकडे मिळाले. त्यामुळे जीए ०१ ची जुनी गाडी आणि जीए ०७ ची नवी गाडी एकाच पणजीतल्या असू शकतात.

नातीच्या वहीत शेवटच्या दिवशी एक नंबर असा आला की त्याच्यापुढे आम्हा दोघांनाही काही लिहिता येईना. त्याची सुरुवात अक्षरांनी नव्हती, आकड्यांनी होती : २२, मग बीएच, मग चार आकडे, मग दोन अक्षरे. ही सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली भारत मालिका. सैन्यातले लोक, केंद्र आणि राज्य सरकारचे कर्मचारी, आणि ज्या खाजगी कंपन्यांच्या कचेऱ्या चार किंवा अधिक राज्यांत आहेत त्यांचे नोकर यांना ती घेता येते, म्हणजे बदली झाली तरी नंबर बदलावा लागत नाही. पहिले २२ हे बेळगाव नव्हे. ते नोंदणीचे साल, २०२२.

मी नातीला हे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले, पेन्सिलीचे टोक तोंडात घालून थोडा विचार केला आणि 'कुठली?' या रकान्यात आडवी रेघ मारली. तोवर कोल्हापूरची लाल गाडी सेवारस्त्याला लागली होती, आणि ती उठून आगाराचे नाव वाचायला कठड्याशी गेली.